सिरॅमिक पाटीवरचा घर नंबर फोटोत बदलला की तो चिकटवल्यासारखा का दिसतो

तक्रार नेहमी एकाच सुरात येते. फोटोतल्या चकचकीत पाटीवरचा जुना आकडा पुसला, नवा आकडा तिथेच बसवला, रंग तंतोतंत जुळवला, कोनही जुळवला, तरी ग्राहक बघताक्षणी म्हणतो, "अहो, हा आकडा वरून चिकटवलाय ना?" नेमकं काय चुकलंय ते त्याला सांगता येत नाही, पण डोळा फसत नाही.

पाट्या बनवणाऱ्या एका वर्कशॉपसाठी मी फोटोंचं काम करतो. भट्टीत घालण्याआधी ग्राहकाला त्याची पाटी त्याच्या भिंतीवर कशी दिसेल ते दाखवायचं असतं, म्हणून आधीच्या पाटीच्या फोटोत नाव किंवा नंबर बदलून पाठवतो. गोव्यातल्या निळ्या-पांढऱ्या आझुलेजो, म्हणजे पोर्तुगीज पद्धतीच्या रंगवलेल्या टाइलच्या, पाट्यांना मागणी जास्त, आणि नेमक्या त्याच पाट्या या कामात सगळ्यात नाठाळ. या लेखात त्यातलीच एक पाटी घेतो. मॅट रंगाच्या, लाकडी किंवा पत्र्याच्या पाटीला यातलं बरंचसं लागू पडत नाही, तिथे नेहमीचं पुसणं-रंगवणं पुरतं.

पाटी अशी आहे: व्हरांड्याच्या सावलीत, दाराशेजारी, पांढऱ्या ग्लेझवर कोबाल्ट निळ्यात रंगवलेला ४१ हा आकडा आणि भोवती वेलबुट्टी. समोर अंगण, त्यापलीकडे लोखंडी गेट. मोकळ्या आकाशाचा फिकट पट्टा पाटीवर तिरका पडलाय आणि त्या पट्ट्यात गेटच्या गजांच्या गडद रेघा दिसतात. पट्टा नेमका १ वरून जातो. ४१ चं ४७ करायचंय, म्हणजे ४ ला हात लावायचा नाही, फक्त १ जाऊन ७ यायला हवा.

बिघाड कुठे आहे

फोटो शंभर ते दोनशे टक्के मोठा करून एका गजाची रेघ निवडा आणि ती पांढऱ्या भागातून निळ्या आकड्यात शिरते तिथे बघा. मूळ फोटोत ही रेघ पांढऱ्यावर जेमतेम कळते आणि निळ्यात शिरली की एकदम ठळक होते. आकाशाचा उजेडही तसाच वागतो. पांढऱ्यावर तो थोडासा उजळपणा वाटतो, निळ्यावर मात्र दुधाळ पापुद्रा आल्यासारखा दिसतो. आता बदललेल्या फोटोत हेच बघा. नवा ७ वरपासून खालपर्यंत एकसारखा गडद निळा असेल आणि गजांची रेघ त्याच्या कडेशी येऊन मरत असेल, तर बिघाड सापडला.

याचं कारण असं, की पाटीवरून कॅमेऱ्याकडे दोन वेगळे उजेड येतात. एक उजेड ग्लेझच्या आत जातो, पांढऱ्या किंवा निळ्या रंगाला भिडतो आणि त्या रंगाचा होऊन बाहेर पडतो. दुसरा ग्लेझच्या पृष्ठभागावरूनच परततो, आत काय रंगवलंय याच्याशी त्याचा संबंध नसतो. काचेखाली ठेवलेल्या फोटोवर खिडकीचा उजेड पडावा तसा तो सगळ्यावर सारखाच पडतो. ग्लेझ ही काचच असल्यामुळे समोरून पाहिलं तर साधारण ४ टक्के उजेड पृष्ठभागावरून परततो आणि ६० अंशांच्या तिरक्या नजरेने पाहिलं तर ९ टक्क्यांच्या आसपास. आकडा किरकोळ वाटतो, पण समोरचं आकाश सावलीतल्या पाटीपेक्षा कैक पटींनी उजळ असतं. त्यामुळे त्याचे ४ टक्केही भरपूर होतात.

आता हिशोब करू. फोटोतल्या उजेडाचं खरं, सरळ प्रमाणातलं माप घेतलं आणि पूर्ण पांढऱ्याला १ म्हटलं, तर आपल्या पाटीच्या रेड चॅनलमध्ये प्रतिबिंब नसलेल्या जागी पांढरा ०.६० आहे आणि निळा ०.०५. आकाशाच्या पट्ट्याने दोन्हींत ०.१० ची भर पडते. पांढरा ०.७० होतो, निळा ०.१५. पडद्यावरच्या ० ते २५५ च्या मापात हेच पांढऱ्यावर २०३ चं २१८ आणि निळ्यावर ६३ चं १०८ असं दिसतं. भर तेवढीच, पण एकीकडे १५ पायऱ्यांची चढ आणि दुसरीकडे ४५ ची. निळ्यात प्रतिबिंब ठळक दिसतं ते यामुळे.

बहुतेक जण काय करतात? जुना आकडा पुसून पांढरा पृष्ठभाग नीट करतात, प्रतिबिंबासकट, आणि त्यावर निळा आकडा Multiply मोडमध्ये ठेवतात. Multiply म्हणजे गुणाकार. तो रंगाबरोबर प्रतिबिंबालाही निळ्याने गुणतो, म्हणजे प्रतिबिंब जणू शाईच्या खालून येतंय. आपल्या पाटीत १०८ यायला हवं तिथे ६८ येतं. चाळीस पायऱ्यांचा हा फरक म्हणजेच तो 'चिकटवलेला' दिसणारा आकडा. मग लोक अपारदर्शकता कमी करून बघतात. त्याने आकडा सगळीकडे सारखा फिका होतो, प्रतिबिंब नसलेल्या जागीही, आणि काम आणखी बिघडतं. रंग जुळवत बसण्यात अर्थ नाही, कारण दोष रंगात नाहीच. प्रतिबिंब सगळ्यात वर हवं आणि ते गुणायचं नसतं, मिळवायचं असतं.

आधी पाटी कुठल्या जातीची ते ओळखा

वरचं सगळं खरं ठरतं ते आकड्याचा रंग ग्लेझच्या आत मुरलेला असेल तर. आझुलेजोच्या पद्धतीत कच्च्या पांढऱ्या ग्लेझवर रंगवतात आणि मग भाजतात. भट्टीत रंग ग्लेझमध्ये उतरतो, त्याची कड जराशी विरघळते आणि वरचा पृष्ठभाग निळा-पांढरा सगळीकडे सारखाच गुळगुळीत राहतो. पणजीत असाल तर इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनातल्या १९३५ च्या निळ्या टाइल-भिंतींसमोर उभे राहून एक पाऊल इकडे-तिकडे सरका. दाराचा उजेड निळ्या-पांढऱ्यावरून कुठेही न अडखळता सरकताना दिसेल. या कामासाठी त्याहून चांगला धडा नाही.

काही पाट्यांवर मात्र भाजलेल्या ग्लेझवर डिकल, म्हणजे छापील चित्राचा पातळ पापुद्रा, लावून ती पुन्हा कमी तापमानाला भाजलेली असते. अशा पाटीत आकडा पृष्ठभागावर बसलेला असतो, त्याची चमक आजूबाजूच्या ग्लेझपेक्षा कमी-जास्त असू शकते आणि कडेवर बारीक पायरी असते. तिसरी जात उठावाच्या आकड्यांची, तिच्याबद्दल पुढे सांगतो. ओळखायची खूण सोपी आहे. तीच गजाची रेघ बघा. आकड्यात शिरताना ती सरळ गेली तर रंग आत मुरलेला आहे, आत गेल्यावर पुसट किंवा पसरट झाली तर डिकल, आणि कडेवर वाकली तर उठाव.

आपल्या पाटीत रेघ सरळ जाते. पुढे जाऊ.

प्रतिबिंब सोडवून घेणं

एक सूचना आधीच देतो: जुना १ लगेच पुसू नका. त्याच्याखाली प्रतिबिंब कसं आहे, याचा सगळ्यात चांगला साक्षीदार तो १ च आहे, कारण गडद निळ्यात प्रतिबिंब स्वच्छ वाचता येतं. हीलिंग ब्रशने तो पुसला तर प्रोग्रॅम शेजारचा पांढरा पोत आणून तिथे बसवतो, गजांच्या रेघा तुटतात, आणि मग त्या हाताने काढत बसावं लागतं.

मी GIMP वापरतो म्हणून त्यातली नावं देतो. फोटो उघडल्यावर Image > Precision मध्ये 32 bit floating point आणि Linear light निवडा. हे सोडू नका, कारण वरची बेरीज फक्त सरळ मापातच खरी असते. ब्लेंड मोडची यादी Default गटातली असू द्या. Legacy गटातले मोड जुन्या पद्धतीने गॅमा लावलेल्या आकड्यांवर चालतात, आणि जुनी फाइल उघडली की ते नकळत येऊन बसतात. फोटोशॉपमध्ये ३२ बिट्सच्या मोडमध्ये काम करा, किंवा Color Settings मध्ये Blend RGB Colors Using Gamma ला 1.00 ठेवा. तिथे बेरजेच्या मोडचं नाव Linear Dodge (Add) आहे.

सगळा खेळ एवढाच आहे:

```
आकड्याबाहेर:  R = P - W
आकड्यात:      R = P - B
नवा फोटो:     N = W * K + R,   K = B / W
```

इथे P म्हणजे मूळ फोटो, W म्हणजे प्रतिबिंब नसलेली कोरी पांढरी पाटी, B म्हणजे प्रतिबिंब नसलेला निळा आणि R म्हणजे आपल्याला हवं असलेलं प्रतिबिंब. नवा आकडा जिथे नाही तिथे K ची किंमत १.

पहिलं काम W बनवण्याचं, म्हणजे प्रतिबिंब आलंच नसतं तर पाटी कशी दिसली असती तो लेअर. सावलीतल्या सपाट पाटीवर उजेड हळूहळू बदलतो, दाराकडे थोडा कमी, अंगणाकडे थोडा जास्त. म्हणून पट्ट्याबाहेरच्या पांढऱ्या जागांवरून तीन-चार ठिकाणचे रंग उचला आणि त्यांतून ग्रेडियंट भरा. वेलबुट्टीजवळचा रंग उचलू नका, तिथे निळ्याची झाक असते. दोन टाइलच्या मधला सांधा पाटीत असेल तर तो W मध्ये घेऊ नका. सांध्यातलं सिमेंट चमकत नाही, तिथे मूळ फोटोच राहू द्या.

या टप्प्यावर घाई करू नये, कारण W मधली चूक दुसरीकडे मोठी होऊन निघते. समजा W ०.०३ ने कमी धरला. मग R ०.१० ऐवजी ०.१३ येईल. पांढऱ्यावर काहीच कळणार नाही, तिथे वजा केलेलं परत मिळवलं जातं. पण नव्या निळ्या आकड्यात १०८ ऐवजी ११८ दिसेल आणि ७ धुरकट वाटेल. नवा आकडा सगळीकडे सारखाच धुरकट किंवा सारखाच काळपट दिसत असेल तर निळ्याला हात लावण्याआधी W तपासा.

आता W चा लेअर फोटोच्या वर ठेवून त्याचा मोड Subtract करा आणि Layer > New from Visible ने निकाल वेगळ्या लेअरवर घ्या. काळ्यावर तिरका फिकट पट्टा आणि त्यात गज, असं चित्र दिसेल. आकड्यांच्या जागा मात्र पूर्ण काळ्या असतील, कारण तिथे पांढरा वजा करणं चूक होतं. मग W च्या जागी एकसारखा B भरून तीच कृती पुन्हा करा. या वेळी जुन्या १ च्या आतलं प्रतिबिंब बरोबर येईल आणि बाहेरचं सगळं नको तितकं उजळ. या दोन्ही लेअरना १ च्या आकाराच्या मास्कने जोडलं की एक सलग R मिळतो. रेड चॅनलमध्ये कोबाल्ट सगळ्यात गडद असतो, म्हणून मास्क काढताना आणि B तपासताना तोच चॅनल बघावा. ब्लू चॅनलमध्ये निळा आणि पांढरा जवळ येतात, तिथे फसायला होतं.

बरोबर झालंय का ते लगेच कळतं. १ च्या आत R ०.१० आला आणि त्याला लागून बाहेरही ०.१० च आला, तर दोन स्वतंत्र वजाबाक्या एकमेकींशी जुळल्या. Sample Points च्या खिडकीत हे आकडे थेट वाचता येतात.

प्रत्यक्षात सगळीकडे एवढं सुरेख जुळत नाही, कारण ब्रशने रंगवलेला निळा एकसारखा नसतो. फटका जिथे थांबला तिथे रंग साचून गडद होतो, मधल्या भागात पातळ. ०.०५ धरून चाललो आणि एखाद्या जागी खरा निळा ०.०८ असेल, तर १ पुसल्यावर तिथे पांढरा ०.७० ऐवजी ०.७३ होतो, म्हणजे २१८ ऐवजी २२२. चारच पायऱ्या, पण ब्रशच्या फटक्याच्या आकारात, म्हणून डोळा पकडतो. अशा जागी शेजारच्या पांढऱ्यावरून R उचलून Clone ने आणा, आणि उचलण्याची दिशा पट्ट्याला व गजांना समांतर ठेवा. आडवी उचललीत तर रेघा दुभंगतात.

जुन्या आकड्याचं भूत

१ गेला, पण त्याच्या आकाराची फिकट बाह्यरेषा उरली, ही दुसरी नेहमीची तक्रार. याचा प्रतिबिंबाशी संबंध नाही. मोबाइलचा कॅमेरा फोटो आपणहून शार्प करतो, तेव्हा गडद कडेच्या बाहेरच्या बाजूला दोन-तीन पिक्सेलची उजळ किनार तयार होते. शिवाय जेपेगमध्ये रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवतात, त्यामुळे निळ्याची झाक पांढऱ्यात थोडी सांडते. आणि ग्लेझमध्ये विरघळलेली कड स्वतःच ना धड निळी असते ना पांढरी. या पट्टीत P - W ही खोटं आणि P - B ही खोटं.

म्हणून १ चा मास्क बाहेरच्या बाजूला चार-पाच पिक्सेल वाढवा आणि आतल्या बाजूला तेवढाच कमी करा. मधली जी कड्यासारखी पट्टी राहते तिथला R फेकून द्या आणि आत-बाहेरच्या खऱ्या R वरून ती भरून घ्या. पट्टी अरुंद असल्यामुळे इथे Heal चालतं. फोटो बारा मेगापिक्सेलचा असेल तर चार-पाच पिक्सेल पुरतात. मेसेजमधून फोटो म्हणून आलेला, आकसलेला असेल तर भूत जवळजवळ हटतच नाही, तेव्हा ग्राहकाकडून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवून घ्या.

नवा ७

आता लेअरची मांडणी खालून वर अशी होते: मूळ फोटो, त्यावर १ आणि ७ या दोघांची जागा झाकणारा W, त्यावर ७ चा लेअर Multiply मध्ये, आणि सगळ्यात वर R, Addition मध्ये. W आणि R दोन्हींना एकच मास्क लावा, नाहीतर मास्कच्या बाहेर प्रतिबिंब दोनदा मिळवलं जाईल आणि पाटीवर उजळ चौकट दिसेल. Multiply इथे बरोबर आहे, कारण आता तो कोऱ्या पांढऱ्याला गुणतोय, प्रतिबिंबाला नाही.

७ च्या लेअरचा रंग म्हणजे फोटोतून उचललेला निळा नव्हे, तर B भागिले W. आपल्या रेड चॅनलमध्ये ०.०५ भागिले ०.६०, म्हणजे ०.०८ च्या आसपास. तिन्ही चॅनलचा भागाकार वेगळा करायचा. पट्ट्यातला, प्रतिबिंब मिसळलेला निळा उचलला तर प्रतिबिंब दोनदा मोजलं जातं आणि आकडा राखाडी होतो.

फॉन्टमधला ७ वापरू नका, शेजारचा हाताने रंगवलेला ४ त्याला लगेच उघडं पाडतो. ४ चा फटका कुठे सुरू होतो, कुठे जाड होतो, शेवट टोकदार आहे की गोल, ते बघून ७ काढा. मला सोयीचं वाटतं ते असं: रंगाऱ्याकडून कोऱ्या टाइलवर किंवा साध्या कागदावर निळ्यात ७ रंगवून घ्यायचा, सपाट उजेडात त्याचा फोटो काढायचा आणि तोच वापरायचा. ब्रशचे थर, साचलेला रंग, सगळं आपोआप येतं. कड मात्र ४ च्या कडेएवढी मऊ करावी लागते. ४ ची निळ्याकडून पांढऱ्याकडे जाणारी कड किती पिक्सेलची आहे ते मोजा आणि ७ ला तेवढाच ब्लर द्या.

पाटीचा फोटो बाजूने काढलेला असेल तर ७ ला पर्स्पेक्टिव्ह द्यावं लागतं. पाटीच्या कडा आणि टाइलचा सांधा यांना धरून ते करा, पण फक्त ७ च्या लेअरला. R ला हलवायचं नाही. आकाशाची जागा पाटीच्या मागे, आरशातल्यासारखी खोल असते, पाटीवर नसते. सगळे लेअर एकत्र करून मग कोन बदलणाऱ्यांचे गज हमखास मोडतात.

हे झाल्यावर एकच गज धरून तीन ठिकाणी आकडे वाचा: ४ च्या आत, पांढऱ्यावर आणि ७ च्या आत. गजाच्या आत आणि गजाच्या बाहेर यांतला फरक तिन्हीकडे सरळ मापात सारखा यायला हवा. ४ तर मूळचाच आहे, त्याला हात लावलेला नाही, म्हणून तोच तुमचा कसोटीचा दगड. ७ मध्ये फरक कमी आला तर R कुठेतरी खाली गेलाय, जास्त आला तर मोड Screen राहिलाय. Screen तेवढ्या जागी बेरजेच्या जवळ जातो, पण GIMP मध्ये तो आपणहून गॅमा लावलेल्या आकड्यांवर चालतो, त्यामुळे हिशोब जुळत नाही.

शेवटी दाणा. ७ च्या आतला भाग फोटोच्या मानाने जास्त गुळगुळीत किंवा जास्त दाणेदार दिसू शकतो. ४ च्या आतल्या दाण्याकडे बघा आणि ७ मध्ये दाणा कमी असेल तर तेवढा नॉइज ७ च्या लेअरला द्या.

जिथे हे चालत नाही

सूर्याचा थेट ठिपका पाटीवर असेल आणि तिथे तिन्ही चॅनल २५५ वर अडकले असतील, तर तिथली माहितीच गेलेली असते. वजाबाकीला काही उरत नाही. पण तिथे करायचंही काही नसतं, नवा आकडा त्या ठिपक्यात नाहीसा होऊ द्या, मूळ आकडाही तसाच नाहीसा झाला असता. अवघड जागा ठिपक्याच्या कडेवर असते, जिथे एखादा चॅनल भरलाय आणि दुसरा नाही. तिथे रंगाची कडी उमटते. ती हातानेच मिटवावी लागते.

मोबाइलने एचडीआर करून फोटो दिला असेल, तर उजेडाची बेरीज जागोजागी वेगवेगळी दाबलेली असते. आत-बाहेरचा R कशानेच जुळत नसेल आणि फरक पाटीभर बदलत असेल, तर बहुधा हेच कारण. रॉ फाइल मागा. नसेल तर R चा अंदाज डोळ्याने बांधा आणि ग्राहकाला छोट्या आकारातला फोटो पाठवा.

उठावाच्या आकड्यांना ही रीत लावू नका. तिथे आकड्याची कड स्वतःच एक वाकडा आरसा असते, ती गेटचे गज वाकवते आणि वरच्या धारेवर चमकेची बारीक रेघ आणते. ते गणिताने मिळत नाही. त्याच जागी, त्याच उजेडात दुसरी उठावाची पाटी धरून फोटो काढणं हाच मार्ग.

आणि फोटो काढायची संधी हातात असेल, तर वरची निम्मी मेहनत वाचते. ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा. एक फोटो नेहमीसारखा घ्या. मग जिथून प्रतिबिंब येतंय तिथे, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागे-बाजूला, दोघांना मोठं काळं कापड धरून उभं करा आणि दुसरा फोटो घ्या. दुसऱ्यात पाटी बिनप्रतिबिंबाची मिळते, म्हणजे W आणि B दोन्ही आयते, आणि दोघांची वजाबाकी म्हणजे R. कापडामुळे पाटीवर पडणारा उजेडही थोडा कमी होतो, म्हणून शेजारच्या मॅट भिंतीचा आकडा दोन्ही फोटोंत वाचा आणि दुसरा फोटो त्या प्रमाणात उजळ करून मगच वजा करा. पोलरायझरने हेच तिरक्या कोनातून करता येतं. पाटीला लंब असलेल्या रेषेपासून सुमारे ५६ अंशांवर तो प्रतिबिंब जवळजवळ पुसून टाकतो. अगदी समोरून काढलेल्या फोटोत मात्र तो काहीही करत नाही, आणि नावाच्या पाट्यांचे फोटो बहुधा समोरूनच असतात, म्हणून मी कापडच नेतो.

पत्ता बदललेला फोटो ओळखपत्रासाठी, भाडेकरारासाठी किंवा होमस्टेच्या जाहिरातीत खरी पाटी म्हणून हवाय असं कुणी म्हटलं तर मी काम घेत नाही. ग्राहकाला जाणाऱ्या प्रत्येक नमुन्याच्या कोपऱ्यात 'नमुना' असं लिहून देतो.

पाठवण्याआधी फाइल परत ८ बिटवर आणावी लागते. Precision मधून परत 8 bit integer आणि Perceptual gamma निवडताना जो संवाद उघडतो, त्यात लेअरसाठी Dithering चालू ठेवा. नाहीतर W चा हळुवार ग्रेडियंट पायऱ्यापायऱ्यांत तुटतो आणि पांढऱ्या ग्लेझवर, नेमक्या बदललेल्या जागी, पट्टे दिसू लागतात. जेपेगची गुणवत्ता नव्वदच्या खाली नेऊ नका आणि रंगाच्या सबसँपलिंगमध्ये 4:4:4 निवडा, म्हणजे ७ ची निळी कड ४ च्या कडेपेक्षा जास्त सांडणार नाही.